म्हणे सुपरट्रेंडने फसवलं!

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. सुपरट्रेंडने पुन्हा फसवलं, आरएसआय बेकार आहे, आणि कोणीतरी स्वतः बनवलेला इंडिकेटर बारा हजारांत देतोय, तो घेऊ का? घेऊ नकोस. आणि आता जे लिहितो आहे ते फोनवर वरवर चाळू नकोस. तुझ्या तीन महिन्यांच्या काँट्रॅक्ट नोटा आणि तो शेअरचा चार्ट शेजारी ठेवून बस, मगच वाच.

तू नोटा पाठवल्यास आणि खाली लिहिलंस, "बघा सर, इंडिकेटरने किती घालवले." मी बघितलं. बेचाळीस ट्रेड एक-एक करून चार्टवर ताडून पाहिले. हे काम तुझं होतं. तीन महिन्यांत तू ते एकदाही केलं नाहीस, पण सुपरट्रेंडवर निकाल मात्र देऊन मोकळा झालास. ज्याची जबानीच घेतली नाही त्याला फाशी देणारा न्यायाधीश कुठला रे तू!

आधी हे सांग, ज्याला शिव्या घालतोस तो सुपरट्रेंड म्हणजे नक्की काय? तुला विचारलं तर सांगशील, "हिरवा झाला की घ्यायचं, लाल झाला की विकायचं." हा त्याचा रंग झाला. तो करतो इतकंच: कँडलच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य काढतो, गेल्या दहा कँडलमध्ये भाव सरासरी किती हलतो आहे ते पाहतो, त्याची तिप्पट करतो, आणि ती मध्यातून वजा करून भावाच्या खाली एक रेषा धरतो. भाव पडत असेल तर तेवढंच मिळवून वर रेषा धरतो. पडत्या बाजारात ही वरची रेषा खालीच सरकते, वर जात नाही. कँडल तिच्या वर बंद झाली की कल बदलला असं तो मानतो. झालं. यात पुढच्या कँडलविषयी एक अक्षर नाही. भाव घडून गेल्यावर त्याचा केलेला हा हिशेब आहे, म्हणून तो उशिराच बोलणार. आणि बाजार एकाच पट्ट्यात फिरत असेल तेव्हा तो तुला वर घ्यायला आणि खाली विकायला लावणारच. हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेव्हा मान डोलावत होतास.

वरच्या परिच्छेदात 'बंद झाली की' असे शब्द आहेत. तुझी निम्मी कहाणी तिथे आहे.

तुझा नियम तुझ्याच हस्ताक्षरात माझ्याकडे आहे: पंधरा मिनिटांचा चार्ट, सुपरट्रेंड १० आणि ३, कँडल रेषेच्या वर बंद झाल्यावरच खरेदी, स्टॉपलॉस रेषेवर, बाहेर पडायचं ते रेषा उलटल्यावर किंवा सव्वातीनला. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त दीड हजाराची जोखीम, म्हणजे तुझ्या तीन लाखांच्या अर्धा टक्का. नियम साधा आहे, तपासता येण्यासारखा आहे. आता काँट्रॅक्ट नोट उघड. प्रत्येक ओळीत ऑर्डरची वेळ छापलेली असते. तू फक्त शेवटचा आकडा पाहून नोट मिटतोस, पण ती वेळच सगळं सांगते. बाजार सव्वानऊला उघडतो, म्हणजे पंधरा मिनिटांची कँडल साडेनऊ, पावणेदहा, दहा, सव्वादहा अशीच संपणार. मग तुझी खरेदीची ऑर्डर या ठोक्यांच्या नंतर, एखाद्या मिनिटात असायला हवी. तुझ्या ऑर्डरी आहेत १०:४१ ला, ११:५२ ला, १:०८ ला. चार्ट न उघडताही समजतं की कँडल चालू असताना तू आत उडी मारली आहेस.

त्यातला ११:५२ चा ट्रेड घे. लाल रेषा ६४०.५० वर होती. भाव ६४१.२० झाला, स्क्रीनवर रेषा हिरवी झाली, आणि तू दोनशे शेअर घेतलेस. खाली तेवढ्यापुरती हिरवी रेषा दिसत होती, तिच्या आधाराने ६३४ ला स्टॉपलॉस लावलास. बारा वाजता कँडल बंद झाली ती ६३९.६० वर. म्हणजे रेषेच्या खालीच. हिरवा रंग पुसला गेला, लाल रेषा जिथे होती तिथे परत आली. सिग्नल आलाच नव्हता. नियमाप्रमाणे त्या क्षणी चूक कळली होती, सव्वातीनशे रुपयांच्या आसपास तोटा घेऊन बाहेर पडता आलं असतं. तू बसून राहिलास. सव्वा वाजून गेल्यावर ६३४ लागला, १,४४० रुपये गेले. आणि त्या रात्री मला काय लिहिलंस? "सर, इंडिकेटर रंग बदलतो, खोटा आहे." अरे राजा, चालू कँडलमध्ये शेवटचा भाव दर सेकंदाला बदलतो, त्यावरचा हिशेबही बदलणारच. जगातला कुठलाही इंडिकेटर चालू कँडलवर पाहिलास तर असाच हलेल. तो बारा हजारांचाही हलेल. आणि तो हलत नसेल तर जास्त सावध राहा, कारण मग तो मागाहून चार्टवर खुणा चिकटवत असण्याची शक्यता आहे.

मी बेचाळीस ट्रेडचे चार ढीग केले. ट्रेडमध्ये जी पहिली चूक झाली त्या ढिगात तो ट्रेड टाकला.

कँडल बंद होण्याआधी घुसलेले अकरा. त्यातल्या सातांत कँडल शेवटी रेषेच्या आतच बंद झाली, म्हणजे सिग्नल जन्मालाच आला नाही. या अकरांत दोन नफ्याचे, नऊ तोट्याचे, मिळून ९,४०० रुपयांचा तोटा.

आत नियमाने गेलास पण बाहेर मनाने पडलास, असे नऊ. सहांत नफा हिरवा दिसला की हात थरथरले, सरासरी पाचशे रुपये घेऊन पळालास, एकूण तीन हजार. तेच सहा ट्रेड रेषेप्रमाणे धरले असते तर दोन उलटून तोट्यात गेले असते, हे मी लपवत नाही, पण उरलेल्या चारांनी ते भरून काढून सहांचे मिळून ७,३०० दिले असते. बाकीचे तीन तर मला सांगायलाही लाज वाटते. ६५७ ची खरेदी, रेषा ६४९ वर. भाव ६४९ जवळ आला तेव्हा तू स्टॉपलॉस खाली सरकवलास किंवा काढूनच टाकलास, आणि ब्रोकरच्या यंत्रणेने दिवसअखेरी ६३६.५० ला सौदा उलटवला. सोळाशेचा तोटा एकेचाळीसशेचा झाला. असे तीनदा. नऊ ट्रेडचा हिशेब उणे ९,३००.

सिग्नलच नसताना, तोटा भरून काढायच्या हट्टाने घेतलेले पाच. उणे ६,८००. यांच्याविषयी बोलायला काही नाही. त्या दुपारी इंडिकेटर गप्प होता, तूच बडबडत होतास.

आणि ज्यांत खरेदी, स्टॉपलॉस, विक्री सगळं कागदाप्रमाणे झालं, असे सतरा. बेचाळिसांपैकी सतरा! त्यात सात नफ्याचे आणि दहा तोट्याचे. नफा २०,३००, तोटा १७,०००. शिल्लक अधिक ३,३००.

आता सगळं एकत्र कर. उणे २२,२००. त्यावर ब्रोकरेज, एसटीटी, एक्सचेंजचा आकार, जीएसटी, मुद्रांक शुल्क धरून प्रत्येक ट्रेडमागे साधारण नव्वद रुपये, म्हणजे आणखी ३,८०० च्या आसपास. सव्वीस हजार गेले. ज्या इंडिकेटरने हे "घालवले" म्हणतोस, त्याचं ऐकलंस त्या सतरा ट्रेडमध्ये मात्र खर्च वजा जाता सतरा-अठराशे उरले आहेत. हा काही मोठा नफा नाही. सतरा ट्रेडवरून पद्धत चांगली आहे असं म्हणणं, आणि वाईट आहे असं म्हणणं, दोन्ही उतावळेपणाचंच. पण सव्वीस हजार कुठून गळले ते मात्र स्पष्ट दिसतं, आणि ते सुपरट्रेंडच्या सूत्रातून गळलेले नाहीत.

थांब, सतरा नियमाचे म्हणून त्यांच्यावर खूश होऊ नकोस. त्यांतही एक गोष्ट सडलेली आहे आणि ती तुझ्या ध्यानातही आलेली नाही. प्रत्येक ट्रेडला तुझे शेअर दोनशे. सकाळ असो की दुपार, दोनशे. कागदावर दीड हजाराची जोखीम लिहिलीस ती शोभेला?

सकाळचा एक सिग्नल बघ. आदल्या दिवशी भाव ६३२ ला बंद झाला. तोवर कँडलची सरासरी हालचाल ३.२० रुपये होती, तिची तिप्पट ९.६०. दुसऱ्या दिवशी गॅप पडून पहिली कँडल ६४१ ते ६४८ च्या दरम्यान राहिली आणि ६४७ ला बंद झाली. तुला वाटेल, कँडल फक्त सात रुपयांची आहे. पण वेल्स वाइल्डरने १९७८ च्या पुस्तकात हालचाल मोजायची जी रीत दिली आणि जिच्यावर सुपरट्रेंड उभा आहे, ती आदल्या बंद भावापासूनचं अंतरही धरते. ६३२ ते ६४८, म्हणजे सोळा. जुन्या सरासरीचे नऊ भाग आणि हा सोळाचा एक भाग मिळून नवी सरासरी झाली जवळजवळ साडेचार. तिप्पट सुमारे साडेतेरा. कँडलचा मध्य ६४४.५०, त्यातून ते गेले की रेषा येते ६३१ ला. तू ६४७ ला घेतोस. स्टॉपलॉस सोळा रुपये दूर. दोनशे शेअरवर ३,२००. म्हणजे दीड हजाराची जोखीम घेतो म्हणणारा माणूस सकाळी साडेनऊला तिच्या दुपटीहून जास्त जोखीम घेऊन बसला आहे, आणि त्याला ते ठाऊकही नाही. दीड हजार भागिले सोळा, त्र्याण्णव शेअर. एवढाच भागाकार करायचा होता.

दुपारी हालचाल निवली की रेषा सात रुपयांवर येते, तेव्हा दोनशे शेअर बरोबर बसतात. म्हणून दुपारचा तोटा तुला "ठीक" वाटतो आणि सकाळचा तोटा "इंडिकेटरचा दगा" वाटतो. त्या सतरांतले सकाळचे चार तोटे मिळून ९,६०० चे आहेत, उरलेले सहा मिळून ७,४०० चे. सकाळी निम्मे शेअर घेतले असतेस तर ४,८०० वाचले असते. सकाळचा एक नफ्याचा ट्रेड होता तीन हजारांचा, तोही निम्मा झाला असता, ते दीड हजार वजा कर. तरी ३,३०० वाचतात. पद्धत तीच, सिग्नल तेच, नुसत्या भागाकाराने शिल्लक दुप्पट. इंडिकेटर तुला किती शेअर घ्यायचे ते सांगत नाही, पण स्टॉपलॉसचं अंतर सांगतो. पुढचं गणित चौथीतल्या पोराला येतं.

आता आरएसआय. तुझ्या मनमानी पाचांतल्या दोन ट्रेडमध्ये तू आरएसआय ८० च्या वर गेला म्हणून शॉर्ट केलंस. तुझ्या कागदावर आरएसआय हा शब्द नाही, शॉर्ट हाही नाही. असो. ८० म्हणजे काय ते तरी माहीत होतं का? गेल्या चौदा कँडलमधली सरासरी वाढ सरासरी घटीच्या चौपट आहे, एवढंच. ७० म्हणजे सव्वादोनपटीहून थोडी जास्त. भाव दमला, आता पडणार, असं त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही. जोरात चढणारा शेअर अख्खा दिवस ७० च्या वर राहू शकतो, आणि त्या दिवशी तो राहिलाही. मग दुसऱ्या दिवशी "कन्फर्मेशन" म्हणून तू चार्टवर एमएसीडीही चढवलास. तिघांचाही कच्चा माल त्याच शेअरचा तोच भाव. तिघांनी होकार दिला म्हणून तुझी खात्री तिप्पट वाढली, पण बातमी एकच होती. फक्त घुसायला उशीर जास्त झाला.

शेवटी कालचं प्रकरण. लागोपाठ तीन तोटे झाले आणि तू सेटिंग १०-३ चं ७-२ केलंस. मी विचारतो, तीन तोटे लागोपाठ येणं यात नवल काय? कल पकडणाऱ्या पद्धतीत दहांतले सहा ट्रेड तोट्यात जाणं ही रोजची गोष्ट आहे, तुझ्या स्वच्छ सतरांतही दहा गेलेच आहेत. साठ टक्के तोट्याचे असतील तर कुठलेही सलग तीन ट्रेड उचल, ते तिन्ही तोट्याचे निघण्याची शक्यता एकवीस-बावीस टक्के येते. पाचांतून एकदा! पाच सलग तोट्यांची शक्यतासुद्धा आठ टक्क्यांच्या जवळ आहे, म्हणजे चाळीसएक ट्रेडमध्ये अशी एखादी रांग दिसणं अगदी साहजिक आहे. जे घडणारच होतं ते घडलं म्हणून तू पद्धत मोडलीस. ७-२ ने रेषा भावाच्या जवळ येईल, सिग्नल वाढतील, पट्ट्यातल्या बाजारात उलटसुलट मार वाढेल आणि प्रत्येक वेळी ते नव्वद रुपये जातील. कदाचित तुझ्या शेअरला ७-२ खरंच बरं असेलही. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही, कारण दर तीन तोट्यांनी फासे बदलणाऱ्याकडे मोजायला काही उरतच नाही.

सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तू अजून तिकडे गेलेला नाहीस, हे माझ्या नशिबाने. पण त्या ९३ टक्क्यांच्या आणि उरलेल्या सातांच्या फोनवर इंडिकेटरची यादी एकच असते. फुकट मिळते ती. सात टक्के लोकांनी कुणाकडून बारा हजारांचा रंग विकत घेतला असेल, अशा भ्रमात राहू नकोस.

मी तुला पैसे मिळतील असं वचन देत नाही. शिस्तीने शंभर ट्रेड करूनही, खर्च वजा जाता, हाती शून्य किंवा उणे येऊ शकतं. तसं आलं तर ही पद्धत या शेअरवर चालत नाही असं म्हणायचा हक्क तुला मिळेल, आणि मीच ती टाकून द्यायला सांगेन. आज तो हक्क तुला नाही, कारण तू ती पद्धत वापरलेलीच नाहीस.

सोमवारपासून असं. सेटिंग परत १० आणि ३. आरएसआय, एमएसीडी चार्टवरून काढ. शेअर दहा. हो, दहाच, स्टॉपलॉस कितीही जवळ असला तरी. नफ्यातोट्याची रक्कम क्षुल्लक झाली की हात थरथरतात की नाही ते कळेल. दहा शेअरवर खर्चाचं प्रमाण बदलेल, म्हणून या काळात रुपये मोजायचे नाहीत. प्रत्येक ट्रेड 'ठरवलेल्या जोखमीच्या किती पट मिळालं किंवा गेलं' असा लिही.

वही कर, एक्सेल नको. एक्सेलमध्ये तू मागाहून आकडे नीटनेटके करतोस, मला माहीत आहे. ट्रेड घेण्यापूर्वी चार गोष्टी लिहायच्या: सिग्नलची कँडल किती वाजता बंद झाली, ती कितीला बंद झाली, रेषा कुठे आहे, आणि दीड हजाराच्या हिशेबाने किती शेअर बसले असते. हे लिहून झाल्याशिवाय ऑर्डर नाही. ट्रेड संपल्यावर बाहेर पडल्याची वेळ आणि कारण. कारण तीनच असू शकतात: स्टॉपलॉस, रेषा उलटली, सव्वातीन. चौथं कारण लिहावंसं वाटलं तर त्या ओळीखाली लाल रेघ मार. स्टॉपलॉस हलवलास तर त्याच दिवशी लिही, कारण ते काँट्रॅक्ट नोटेत दिसत नाही आणि ॲपमधली ऑर्डरची यादी दुसऱ्या दिवशी सापडत नाही. मी तो नुसता बाहेर पडलेल्या भावावरून ओळखला, दर वेळी ओळखू येईलच असं नाही.

तीस ट्रेड झाले की वही आणि नोटा दोन्ही घेऊन ये. मी आधी वेळांचा रकाना बघणार आहे, शिल्लक नंतर. तिसांतले सत्तावीस कागदाप्रमाणे असतील तर पद्धतीबद्दल बोलू, शेअरची संख्या वाढवण्याबद्दल बोलू, वाटलं तर ७-२ वरही बोलू. त्याहून कमी असतील तर पुन्हा दहा शेअर, पुन्हा तीस. आणि तोवर रात्री साडेअकराला मेसेज करायचा झाला तर इंडिकेटरचं नाव न घेता कर. त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठव, पुरे.